दोन संख्यांत मावणारा कोपरा

एका इमारतीचा फोटो काढा, दोन पावले उजवीकडे सरका आणि तिचाच आणखी एक फोटो काढा. हे दोन फोटो जोडून एक लांबलचक चित्र करायचे असेल, तर संगणकाला आधी एका प्रश्नाचे उत्तर द्यावे लागते: पहिल्या फोटोतली जागा दुसऱ्या फोटोत नेमकी कुठे गेली? आपल्याला इमारत दिसते, खिडक्या दिसतात. संगणकाकडे असते ते आकड्यांचे एक भलेमोठे कोष्टक. कृष्णधवल फोटोत प्रत्येक पिक्सेलला उजेडाचा एक आकडा असतो. ० म्हणजे काळाकुट्ट, २५५ म्हणजे पांढराशुभ्र. अशा लाखो आकड्यांमधून आपल्याला मोजक्या काही जागा निवडायच्या असतात, ज्या दुसऱ्या फोटोतही खात्रीने ओळखता येतील.

अशा जागा निवडण्याची जी रीत गेली साडेतीन दशके टिकून आहे, ती क्रिस हॅरिस आणि माइक स्टीफन्स या दोघांनी १९८८ साली मांडली. तिला हॅरिसची कोपरा शोधण्याची पद्धत म्हणतात. कागद-पेन्सिल घेऊन तासाभरात हाताने करून पाहता येईल इतकी ती छोटी आहे, आणि म्हणूनच ती मुळापासून समजून घेणे शक्य आहे.

आधी एक प्रयोग करू. एका पुठ्ठ्याला वाटाण्याएवढे भोक पाडा आणि तो पुठ्ठा वर्तमानपत्रातल्या एखाद्या मोठ्या फोटोवर धरा. आता दुसऱ्या कुणाला तरी खालचा कागद हळूच सरकवायला सांगा आणि भोकातून बघून तो कुठे सरकला ते ओळखा. भोकाखाली नुसते आकाश किंवा कोरी भिंत असेल, तर कागद सरकल्याचे कळणारही नाही. भोकाखाली भिंतीची उभी कड असेल, तर कागद डावीउजवीकडे सरकलेला लगेच दिसेल, पण वर-खाली सरकलेला मुळीच दिसणार नाही, कारण कडेचा एक तुकडा जाऊन तसाच दुसरा तिथे येतो. भोकाखाली खिडकीच्या चौकटीचा कोपरा असेल, तर मात्र कागद कुठेही सरकवा, भोकातले चित्र बदलतेच.

पद्धतीची सगळी कल्पना एवढीच आहे. फोटोवर एक छोटी चौकट ठेवायची, ती किंचित हलवायची आणि आतले आकडे किती बदलले ते पाहायचे. कुठल्याच दिशेने फारसा बदल नसेल तर ती सपाट जागा. एका दिशेने बदल आणि तिच्या काटकोनात काहीच नाही, तर ती कड. प्रत्येक दिशेने भरपूर बदल, तर तो कोपरा.

हॅरिसच्या आधी हा विचार हॅन्स मोरावेक यांनी अमलात आणला होता. सत्तरच्या दशकात ते स्टॅनफर्डमध्ये कॅमेऱ्याच्या आधाराने आपली आपण वाट काढणाऱ्या एका गाडीवर काम करत होते. १९७९ साली या गाडीने खुर्च्या मांडलेली एक खोली माणसाच्या मदतीशिवाय पार केली, आणि त्याला सुमारे पाच तास लागले. अडथळे किती दूर आहेत हे कळण्यासाठी गाडीला एका चित्रातले बिंदू दुसऱ्या चित्रात शोधावे लागत. मोरावेक यांनी चौकट चार दिशांनी सरकवून पाहिली: आडवी, उभी आणि दोन तिरक्या. प्रत्येक वेळी जुन्या आणि नव्या आकड्यांच्या फरकांचे वर्ग करून बेरीज घेतली. या चार बेरजांपैकी सर्वांत लहान जी, तोच त्या जागेचा गुण. लहानातला लहान बदलही मोठा असेल, तर तो कोपरा असणारच, असा हिशेब.

हिशेब बरोबर आहे, पण दिशा फक्त चार आहेत. कड नेमकी उभी, आडवी किंवा ४५ अंशांत असेल, तर चारपैकी एक दिशा तिच्यालगत जाते, त्या दिशेने बदल शून्य येतो आणि कड बाद होते. पण कड आडव्या रेषेशी २२.५ अंशांत असेल तर? ती दोन दिशांच्या बरोबर मधोमध पडते. चारपैकी एकही दिशा तिच्यालगत जात नाही. सर्वांत लहान बदलही मग शून्य न येता कडेला आडव्या जाणाऱ्या बदलाच्या सुमारे १५ टक्के येतो. ठळक कडेच्या बाबतीत एवढी रक्कम फिक्या कोपऱ्याच्या गुणापेक्षा सहज जास्त भरते. म्हणजे तिरकी कड कोपऱ्याच्या वेषात आत शिरते. कॅमेरा थोडा कलला, की कोपऱ्यांची यादीच बदलते.

यावर साधा उपाय सुचतो तो दिशा वाढवण्याचा: आठ घ्या, सोळा घ्या. हॅरिस आणि स्टीफन्स यांनी वेगळाच मार्ग काढला. इंग्लंडमधल्या प्लेसी कंपनीच्या रोक मॅनर संशोधन केंद्रात ते काम करत होते, आणि १९८८ साली मँचेस्टरच्या ऑल्वी व्हिजन कॉन्फरन्समध्ये त्यांनी आपला निबंध वाचला. त्यांनी चौकट प्रत्यक्षात सरकवलीच नाही. चौकट किंचित सरकली तर आकडा किती बदलेल, हे त्या जागच्या उजेडाच्या चढ-उतारावरून आधीच सांगता येते. उजवीकडे जाताना उजेड किती चढतो तो एक आकडा, `Ix`. खाली जाताना किती चढतो तो दुसरा, `Iy`. चौकट उजवीकडे `u` आणि खाली `v` इतकी सरकली, तर त्या पिक्सेलमधला बदल साधारण `u·Ix + v·Iy` इतका होणार.

या बदलाचा वर्ग करून चौकटीतल्या सगळ्या पिक्सेलांची बेरीज घेतली, की एकूण बदल असा मिळतो:

```
E(u, v) = A·u² + 2C·u·v + B·v²
```

इथे `A` म्हणजे `Ix` च्या वर्गांची बेरीज, `B` म्हणजे `Iy` च्या वर्गांची बेरीज आणि `C` म्हणजे `Ix` आणि `Iy` यांच्या गुणाकारांची बेरीज. तीनच आकडे! ते एकदा हाती आले, की चारच काय, कुठल्याही दिशेने किती बदल होईल ते सांगता येते, पुन्हा फोटोकडे न बघता. हे तीन आकडे दोन ओळी आणि दोन स्तंभांत मांडले, की त्या जागेचे मॅट्रिक्स तयार होते: वरच्या ओळीत `A` आणि `C`, खालच्या ओळीत `C` आणि `B`.

आता प्रत्यक्ष आकडे घेऊ. पाच बाय पाच पिक्सेलांचा एक तुकडा आहे. गडद भागात उजेड २०, फिक्या भागात ३०. उजवीकडे खाली फिका चौकोन सुरू होतो, म्हणजे मधल्या पिक्सेलपाशी त्याचा कोपरा आहे.

```
२० २० २० २० २०
२० २० २० २० २०
२० २० ३० ३० ३०
२० २० ३० ३० ३०
२० २० ३० ३० ३०
```

चौकट म्हणून मधले तीन बाय तीन पिक्सेल घेऊ. प्रत्येकासाठी उजव्या शेजाऱ्यातून डावा शेजारी वजा करायचा, तो `Ix`. खालच्यातून वरचा वजा करायचा, तो `Iy`. काटेकोरपणे पाहिले तर या वजाबाक्या दोनाने भागायला हव्यात, कारण दोन शेजाऱ्यांमध्ये दोन पिक्सेलांचे अंतर असते. पण तसे न केल्याने सगळे आकडे एकाच प्रमाणात वाढतात आणि तुलना बिघडत नाही, म्हणून आकडे सुटसुटीत ठेवू. नऊ पिक्सेलांची उत्तरे अशी येतात:

```
Ix:   ०   ०   ०        Iy:   ०  १०  १०
     १०  १०   ०              ०  १०  १०
     १०  १०   ०              ०   ०   ०
```

`Ix` मध्ये चार ठिकाणी १० आहे, म्हणून `A` = ४ × १०० = ४००. `Iy` मध्येही चार ठिकाणी, म्हणून `B` = ४००. दोन्ही एकाच वेळी शून्याहून वेगळे आहेत ते फक्त मधल्या पिक्सेलवर, म्हणून `C` = १००.

याच हिशेबाने दोन कडा पाहू. पहिली उभी: डावीकडचे दोन स्तंभ २०, उजवीकडचे तीन ३०. तिथे `A` = ६००, `B` = ० आणि `C` = ० येतात. दुसरी तिरकी, बरोबर ४५ अंशांची:

```
२० २० २० २० ३०
२० २० २० ३० ३०
२० २० ३० ३० ३०
२० ३० ३० ३० ३०
३० ३० ३० ३० ३०
```

या तुकड्यात मधल्या नऊपैकी पाच पिक्सेलांवर `Ix` आणि `Iy` दोन्ही १० येतात. म्हणून `A` = ५००, `B` = ५०० आणि `C` = ५००.

इथे जरा थांबून दोन्हींची तुलना करा. कोपऱ्याला आडव्या चढाचे ४०० आणि उभ्या चढाचे ४०० मिळाले. तिरक्या कडेला ५०० आणि ५००! आडवा बदल आहे आणि उभा बदलही आहे, म्हणजे कोपरा, असा नियम कुणी केला, तर ही साधी कड खऱ्या कोपऱ्याला मागे टाकून पहिली येईल. फरक दडला आहे तो तिसऱ्या आकड्यात. कोपऱ्याला `C` १००, कडेला ५००. `C` मोठा असणे म्हणजे आडवा आणि उभा चढ नेहमी जोडीनेच येतो. खरे तर तो एकच तिरका चढ आहे आणि आपण त्याला दोन अक्षांवर विभागून दोनदा मोजत आहोत.

मग विचारायचा प्रश्न बदलतो. आडवे आणि उभे हे अक्ष फोटोच्या कागदाचे आहेत, त्यातल्या वस्तूचे नव्हेत. म्हणून अक्ष बाजूला ठेवू आणि विचारू: सर्व दिशांपैकी कोणत्या दिशेने एक पिक्सेल सरकले असता बदल सर्वांत जास्त होतो आणि कोणत्या दिशेने सर्वांत कमी? हे जे सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान उत्तर मिळते, त्यांनाच मॅट्रिक्सच्या आयगेनव्हॅल्यू म्हणतात. अशा मॅट्रिक्समध्ये त्यांच्या दोन दिशा नेहमी एकमेकींशी काटकोनात असतात. मोठीला λ₁ आणि लहानीला λ₂ म्हणू.

तिरक्या कडेचे गणित करा. उजवीकडे एक आणि वर एक, म्हणजे कडेला लागून सरकलो तर `u` = १, `v` = −१. बदल होतो ५०० − १००० + ५०० = ०. उजवीकडे एक आणि खाली एक, म्हणजे कडेला आडवे गेलो, तर ५०० + १००० + ५०० = २०००. ही तिरकी उडी एका पिक्सेलाहून लांब आहे. तिच्या लांबीचा वर्ग २ होतो, म्हणून दोनाने भागायचे. λ₁ = १०००, λ₂ = ०. शून्य आले, म्हणजे कड पकडली गेली. उभ्या कडेच्या आयगेनव्हॅल्यू ६०० आणि ०. एकीला १००० आणि दुसरीला ६०० हा फरक आपल्या ढोबळ वजाबाकीमुळे पडला, पण लहानी दोन्हीकडे शून्यच आहे.

आता कोपरा. एका कर्णाच्या दिशेने ४०० + २०० + ४०० = १०००, भागिले २ म्हणजे ५००. दुसऱ्या कर्णाच्या दिशेने ४०० − २०० + ४०० = ६००, भागिले २ म्हणजे ३००. λ₁ = ५००, λ₂ = ३००. कुठल्याही दिशेने सरका, बदल ३०० च्या खाली जाणार नाही. चार दिशा तपासणाऱ्याला अशी हमी देता येत नाही. इथे दिशा कितीही असोत, तीन आकड्यांतून सगळ्यांचा निकाल लागतो. शिवाय फोटो फिरवला की `A`, `B` आणि `C` तिन्ही बदलतात, पण दोन आयगेनव्हॅल्यू त्याच राहतात. या पद्धतीत मला सर्वांत सुंदर वाटते ते हेच: कागदाच्या अक्षांनी केलेली गल्लत दोन संख्यांनी पुसून टाकली.

आणखी एक गोष्ट या गणितातून निघते. एकच पिक्सेल घेतला, त्यात `Ix` आणि `Iy` काहीही असू देत, तर त्याची लहान आयगेनव्हॅल्यू नेहमी शून्यच येते. कारण एका पिक्सेलपाशी उजेडाचा चढ एकाच दिशेने असतो आणि त्या दिशेच्या काटकोनात चढ नसतो. म्हणजे एकट्या पिक्सेलमध्ये कोपरा असूच शकत नाही. तो असतो शेजाराशेजारच्या पिक्सेलांमध्ये, ज्यांचे चढ वेगवेगळ्या दिशांना तोंड करून आहेत. म्हणून चौकटीतली बेरीज ही या पद्धतीची गाभ्याची पायरी आहे. हॅरिस आणि स्टीफन्स यांनी सरळ बेरजेऐवजी मध्यापाशी जास्त आणि कडेला कमी वजन देणारी गोलसर चौकट वापरली, कारण चौकोनी चौकटीच्या कोपऱ्यांतले पिक्सेल मध्यापासून जास्त दूर असूनही तेवढेच वजन घेतात आणि उत्तर हलते करतात.

कार्यक्रम लिहिताना ही पायरी दोन प्रकारे चुकते. कुणी ती विसरतो, तर कुणी आधी `Ix` आणि `Iy` स्वतंत्रपणे गुळगुळीत करून मग गुणाकार करतो. क्रम उलटा हवा: आधी गुणाकार, मग शेजाऱ्यांची बेरीज. चूक झाली की ती ओळखता येते, कारण संपूर्ण चित्रात एकही जागा धन गुण मिळवत नाही. हा धन-ऋण गुण काय, ते आता पाहू.

आयगेनव्हॅल्यू काढायला वर्गमूळ लागते आणि ते प्रत्येक पिक्सेलसाठी काढायचे म्हणजे १९८८ च्या यंत्रांना जड काम होते. हॅरिस आणि स्टीफन्स यांनी त्याला बगल दिली. दोन्ही आयगेनव्हॅल्यूंचा गुणाकार म्हणजे मॅट्रिक्सचा निश्चयक, `AB − C²`. त्यांची बेरीज म्हणजे `A + B`. हे दोन्ही वर्गमुळाशिवाय मिळतात. त्यांतून त्यांनी एकच गुण तयार केला:

```
R = λ₁λ₂ − k(λ₁ + λ₂)² = (AB − C²) − k(A + B)²
```

`k` हा आपण ठरवायचा छोटा आकडा, सहसा ०.०४ ते ०.०६. तो ०.०४ धरून आपले तुकडे तपासू. कोपरा: १,५०,००० − ०.०४ × ६,४०,००० = १,२४,४००. उभी कड: ० − ०.०४ × ३,६०,००० = −१४,४००. तिरकी कड: −४०,०००. सपाट जागा: ०. कोपरा धन, कड ऋण, सपाट शून्याजवळ. एकाच आकड्याने तिघांची वाटणी झाली. त्यांच्या निबंधाच्या शीर्षकातच कोपरा आणि कड दोन्ही एकत्र शोधण्याचा उल्लेख आहे, तो यामुळेच. फक्त कडा धरून चित्रांचा माग काढायला गेले, तर त्या एका चित्रात जोडलेल्या आणि पुढच्या चित्रात तुटलेल्या येतात, ही अडचण त्यांच्यापुढे होती. कडांवर ठाम बसलेले कोपरे त्यांना हवे होते.

`k` नेमके काय करतो? दोन आयगेनव्हॅल्यूंमध्ये किती विषमता खपवून घ्यायची, ते तो ठरवतो. `k` ०.०४ असेल, तर मोठी आयगेनव्हॅल्यू लहानीच्या सुमारे २३ पटींपर्यंत असली तरी `R` धन राहतो. त्यापुढे ती जागा कड मानली जाते. `k` ०.०६ केला, तर ही मर्यादा साडेचौदा पटींच्या आसपास येते. तो वाढवत ०.२५ पर्यंत नेला, तर `R` कुठेच धन होत नाही, अगदी दोन्ही आयगेनव्हॅल्यू समसमान असल्या तरीही. `k` चे मूल्य कुठल्या सिद्धांतातून आलेले नाही. ते अनुभवाने ठरलेले आहे. १९९४ साली जियान्बो शी आणि कार्लो टोमासी यांनी हा आकडाच काढून टाकला आणि सरळ λ₂ म्हणजे लहान आयगेनव्हॅल्यू हाच गुण धरला. यंत्रे वेगवान झाली होती, वर्गमुळाची भीती उरली नव्हती.

आज ओपनसीव्ही या मुक्त ग्रंथालयात हे सगळे दोन-तीन ओळींत होते:

```python
gray = np.float32(gray)
R = cv2.cornerHarris(gray, 2, 3, 0.04)
img[R > 0.01 * R.max()] = [0, 0, 255]
```

दुसऱ्या ओळीतला 2 म्हणजे चौकटीचा आकार, 3 म्हणजे चढ मोजणाऱ्या गाळणीचा आकार आणि शेवटचा आकडा म्हणजे `k`. तिसरी ओळ म्हणते की सर्वांत मोठ्या `R` च्या एक टक्क्याहून जास्त गुण असलेल्या जागा लाल करा. बहुतेकांची फसगत होते ती याच ओळीत.

`R` हा उजेडाच्या फरकाच्या चौथ्या घाताने वाढतो. आपल्या तुकड्यात २० आणि ३० ऐवजी २० आणि ४० असते, म्हणजे फरक दुप्पट असता, तर `A`, `B` आणि `C` चौपट झाले असते आणि `R` सोळापट. फरक दहापट, तर `R` दहा हजार पट. आता विचार करा: फोटोत एका काचेवर सूर्याचा कवडसा पडला आहे आणि तिथे २०० चा फरक आहे. सावलीतल्या भिंतीवर खिडकीचा कोपरा आहे, तिथे फरक १० चा. दोन्ही कोपरे आकाराने अगदी सारखे असले, तरी कवडशाचा `R` सावलीतल्या कोपऱ्याच्या १,६०,००० पट येतो. एक टक्क्याची अट लावली, की सावलीतली सगळी बाजू रिकामी राहते आणि लाल ठिपके फक्त उन्हात जमतात. असे दिसले, की दोष कोपऱ्यांत नसून उंबरठ्यात आहे हे समजावे. चित्राचे चौकोनी भाग पाडून प्रत्येक भागातून ठरावीक संख्येचे सर्वोत्तम कोपरे घ्यावेत, म्हणजे ते चित्रभर पसरतात.

ठिपका एकटा न येता पुंजक्याने येतो, हेही स्वाभाविक आहे. कोपऱ्याच्या आजूबाजूला ठेवलेल्या चौकटींतही तो कोपरा येतोच, म्हणून त्यांनाही चांगला गुण मिळतो. प्रत्येक जागेचा `R` तिच्या शेजाऱ्यांशी ताडून जी सर्वांत वर असेल तेवढीच ठेवायची, की पुंजक्याचा एक बिंदू होतो. ही पायरी वरच्या तीन ओळींत नाही. ती आपण जोडायची असते.

या पद्धतीच्या मर्यादा तिच्या चौकटीतूनच येतात. चित्र फिरवले तरी चालते, संपूर्ण चित्राचा उजेड सारखाच वाढवला तरी चढ बदलत नाहीत, म्हणून तेही चालते. पण चित्र मोठे केले, की गणित फिसकटते. दुरून काढलेल्या फोटोत कमानीचे गोलसर टोक चौकटीत अख्खे मावते आणि कोपरा ठरते. जवळून काढलेल्या फोटोत तेच टोक शंभर पिक्सेलांवर पसरते. लहान चौकटीला त्याचा एक जवळजवळ सरळ तुकडाच दिसतो आणि ती त्याला कड म्हणते. दोन्ही फोटोंत जागा तीच, निर्णय मात्र वेगळा. क्रिस्टियान मिकोलायचिक आणि कॉर्डेलिया श्मिड यांनी २००१ मध्ये हॅरिसचे कोपरे निरनिराळ्या आकारांच्या चौकटींनी शोधून प्रत्येकासाठी योग्य आकार निवडण्याची पद्धत मांडली, ती या अडचणीवर.

दुसरी मर्यादा अधिक चकवणारी आहे. झाडाची फांदी जवळ आहे आणि तिच्यामागे दूरवर इमारतीचे छप्पर आहे. फोटोत दोन्ही कडा एकमेकींना छेदतात. तिथे दोन्ही आयगेनव्हॅल्यू मोठ्या येतात आणि पद्धत कोपरा दाखवते. पण असा कोपरा जगात कुठेच नाही. दोन पावले उजवीकडे सरकलात, की फांदी छपरावरून घसरते आणि छेद दुसरीकडे जातो. एका फोटोकडे बघून हे ओळखता येणार नाही. म्हणून फोटो जोडणारे कार्यक्रम कोपऱ्यांच्या जोड्या लावल्यावर सगळ्या जोड्यांना लागू पडणारी एक समान हालचाल शोधतात आणि तिच्याशी न जुळणाऱ्या जोड्या वगळतात. खोटे कोपरे तिथे गळतात.

उलट बाजूने, खरा कोपरा नसलेली जागाही चालते. भिंतीवरचा काळा डाग, गालावरचा तीळ, दगडातली खाच: यांना टोक नाही, पण कुठल्याही दिशेने सरकले तर चित्र बदलते, म्हणून दोन्ही आयगेनव्हॅल्यू मोठ्या येतात. फोटो जोडायला त्या तितक्याच उपयोगी आहेत. या पद्धतीला वस्तूचा आकार कळत नाही आणि तो कळण्याची गरजही नाही. तिला एवढेच सांगायचे असते, की ही जागा हलली तर मला कळेल.

आणि किती नेमके कळेल, तेही त्याच दोन संख्या सांगतात. फोटोत थोडी खरखर नेहमीच असते, त्यामुळे जुळवलेल्या जागेत थोडी चूक राहते. कुठल्या दिशेने किती चूक, ते त्या दिशेच्या आयगेनव्हॅल्यूच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात असते. आपल्या कोपऱ्याच्या आयगेनव्हॅल्यू ५०० आणि ३००. म्हणजे त्याची जागा उजवीकडे-वर जाणाऱ्या कर्णाच्या दिशेने, दुसऱ्या कर्णापेक्षा सुमारे १.३ पट ढिली राहणार. तिरक्या कडेची लहान आयगेनव्हॅल्यू शून्य. तिच्यालगतच्या दिशेने चुकीला मर्यादाच नाही. पुठ्ठ्याच्या भोकातून ज्या दिशेची हालचाल दिसत नव्हती, ती नेमकी हीच. म्हणून दोन फोटो जोडणाऱ्याने कोपऱ्यांची संख्या मोजण्याआधी त्यांच्या λ₂ कडे पाहावे. λ₂ मोठी असलेले पन्नास बिंदू, ती तोकडी असलेल्या पाचशे बिंदूंपेक्षा जोड अधिक घट्ट बसवतात.